बाहुलीच्या मधला डाग पीएससी की कॉर्टिकल? स्लिट लॅम्पच्या फोटोत कुठे फसायला होतं

तक्रार वारंवार तीच येते. शहापूर-मुरबाडच्या शिबिरातून किंवा घणसोली-नेरूळच्या व्हिजन सेंटरमधून फोटो येतो, खाली ‘पीएससी’ लिहिलेलं असतं आणि ठाण्याला बेस हॉस्पिटलमध्ये बाहुली पूर्ण मोठी करून पाहिलं की कॉर्टिकल मोतीबिंदू निघतो. उलटंही होतं. नुसतं ‘न्यूक्लियर’ लिहून पाठवलेल्या डोळ्यात मागच्या कवचाला चिकटलेला डाग असतो, पण तो दिसेल असा फोटो कुणी काढलेलाच नसतो.

बहुतेक वेळा चूक डाग ओळखण्यात नसते. चुकीच्या फोटोवरून उत्तर द्यायला बसणं, ही खरी चूक. साठीच्या माणसाची लेन्स पुढून मागे साधारण साडेचार मिलिमीटर जाड असते. न्यूक्लियर तिच्या गाभ्यात, कॉर्टिकल गाभ्याभोवतीच्या थरात आणि पोस्टिरिअर सबकॅप्सुलर, म्हणजे पीएससी, अगदी मागच्या कवचाला लागून. तिघांमधला मुख्य फरक खोलीचा आहे, आणि सपाट फोटोत खोलीच हरवते. म्हणून ती परत मिळवून देणारे फोटो काढायला हवेत. एका डोळ्याचे तीन पुरतात: एक तिरप्या फटीचा आणि दोन मागून येणाऱ्या तांबड्या प्रकाशातले, म्हणजे रेट्रो. टॉर्चसारखा उजेड टाकून काढलेला चौथा फोटो हवा तर ठेवा, पण त्यावरून प्रकार ठरवू नका. त्या उजेडात वयस्क माणसाची निरोगी लेन्ससुद्धा राखाडी-हिरवट दिसते.

आधी बाहुली मोजा

‘पीएससी’ लिहून आलेला कॉर्टिकल मोतीबिंदू जवळजवळ नेहमी लहान बाहुलीतून आलेला असतो. कारण साधं आहे. कॉर्टिकलचे आरे लेन्सच्या कडेपासून निघतात आणि टोकं मध्याकडे येतात. त्यांचं रुंद बूड कडेला आणि निमुळतं टोक आत असतं. बाहुली ४ मिलिमीटरचीच असेल तर बूड आयरिसच्या मागे झाकलं जातं आणि एखादं टोक तेवढं मध्यभागी दिसतं. मध्यभागी, काळा, कडेपासून सुटा असा डाग दिसला की पाहणारा पीएससी लिहिणारच.

म्हणून रेट्रो फोटोला निदान ६ मिलिमीटर बाहुली हवी, ७ झाली तर फारच उत्तम. आपल्याकडे सहसा ट्रॉपिकामाइड ०.८ टक्के आणि फिनिलेफ्रिन ५ टक्के हे एकत्र थेंब वापरले जातात. एक थेंब, दहा मिनिटांनी दुसरा, आणि त्यानंतर वीस ते तीस मिनिटं थांबा. गडद तपकिरी आयरिसवर औषध सावकाश चढतं, त्यामुळे रांग मोठी आहे म्हणून दहाव्या मिनिटाला फोटो उरकला की तो वाया गेलाच म्हणून समजा. थेंब टाकण्यापूर्वी कॉर्नियाच्या कडेला ६० अंशांतून बारीक फट टाकून कोन पाहा. कॉर्निया आणि आयरिसमधली काळी जागा कॉर्नियाच्या जाडीच्या पाव भागापेक्षा कमी दिसली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब टाकू नका. रक्तदाब चढलेला असेल किंवा हृदयविकार असेल तर फिनिलेफ्रिन टाळून नुसतं ट्रॉपिकामाइड १ टक्का वापरायचं का, हेही त्यांनाच विचारा.

फोटोवरून बाहुली मोजायला वेगळी पट्टी लागत नाही. मोठ्या माणसाचा कॉर्निया आडवा साधारण ११.७ मिलिमीटर असतो. स्क्रीनवर कॉर्निया १२ सेंटिमीटर आणि बाहुली ५ सेंटिमीटर भरली, तर बाहुली खरी पाच मिलिमीटरच्या आत आहे. असा फोटो ‘अपुरी बाहुली’ शेरा मारून परत पाठवावा, त्यावर प्रकार लिहू नये.

रेट्रोचे दोन फोटो, फोकस वेगवेगळे

रेट्रो फोटोत प्रकाश बाहुलीतून आत जातो, पडद्यावर आपटून तांबडा होऊन परत येतो आणि लेन्समधला डाग त्याच्यासमोर काळी सावली होऊन उभा राहतो. त्यासाठी प्रकाशाचा हात मायक्रोस्कोपच्या सरळ रेषेत आणा. फट साधारण १ ते २ मिलिमीटर रुंद ठेवा, उंची बाहुलीत मावेल इतकी कमी करा. मग प्रकाश मध्यातून किंचित सरकवून बाहुलीच्या कडेजवळून आत सोडा, नाहीतर कॉर्नियावरचा पांढरा चमकता ठिपका नेमका मध्यावर बसतो आणि १ मिलिमीटरचा पीएससी त्याखाली सहज लपतो. तांबडा प्रकाश फिका येत असेल तर नजर नाकाकडे १५ अंश वळवून घ्या. उजव्या डोळ्यासाठी, ‘मावशी, माझ्या उजव्या कानाकडे बघा’ एवढं सांगितलं की पुरतं. प्रकाश ऑप्टिक डिस्कवर पडतो, आणि डिस्क पडद्याच्या इतर भागापेक्षा जास्त प्रकाश परतवते.

आता मुद्द्याचा भाग. पहिला फोटो बाहुलीची कडा धारदार दिसेल अशा फोकसला काढा. आयरिसची कडा लेन्सच्या पुढच्या पृष्ठभागाला टेकलेली असते, त्यामुळे पुढच्या थरातले आरे इथे स्पष्ट येतात. मग जॉयस्टिक हलकेच पुढे ढकला, जवळपास ४ मिलिमीटर. आयरिसची कडा धूसर होईल, आणि मागच्या कवचाजवळ काही असेल तर ते धारदार होईल. दुसरा फोटो तिथे काढा. मॅग्निफिकेशन दोन्ही वेळा १६ पट ठेवा. १० पटीला फोकसची खोली इतकी जास्त असते की दोन्ही फोटो सारखेच दिसतात आणि सगळा खटाटोप फुकट जातो.

आलेल्या फोटोत दुसरा फोकस खरंच मागे गेलाय का, हे कसं ओळखायचं? आयरिसची कडा पाहा. दोन्ही फोटोंत ती सारखीच रेखीव असेल तर फोकस हललेलाच नाही, तोच फोटो दोनदा काढला आहे. असे संच वाटतात त्यापेक्षा जास्त येतात, कारण फोनच्या अ‍ॅडॅप्टरवरून काढताना फोनचा ऑटोफोकस दर वेळी सर्वांत ठळक कडेला, म्हणजे आयरिसलाच, पकडतो. त्यासाठी स्क्रीनवर बोट दाबून AE/AF LOCK करून घ्या आणि त्यानंतर फोकस फक्त जॉयस्टिकने हलवा.

मागच्या फोकसला स्पष्ट, म्हणून पीएससी, असं नाही

दोन फोकस शिकल्यावर पुढचा गोंधळ इथे होतो. कॉर्टेक्स लेन्सच्या मागच्या बाजूलाही असतो. तिथला आरा मागच्याच फोकसला धारदार येतो आणि पीएससी समजला जातो. इथे दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

पहिली, आकार. कॉर्टिकलच्या आऱ्याच्या दोन्ही कडा सरळ रेषेत कडेकडे जातात आणि जाताना रुंद होतात. मोठ्या बाहुलीत त्याचं बूड सापडतंच. पीएससी मध्याच्या आसपास असतो, कडेशी त्याचं नातं नसतं, आणि त्याची किनार दाणेदार, खडबडीत, साखर सांडल्यासारखी असते.

दुसरी, तिरप्या फटीतली जागा. हाच निर्णायक पुरावा, आणि तो क्वचितच गोळा केला जातो. फट डागावरूनच जाईल अशी आणा, मागच्या कवचावर फोकस करा आणि डाग व कवच यांच्यामध्ये काळी, स्वच्छ पट्टी उरते का ते पाहा. उरत असेल तर डाग मागच्या कॉर्टेक्समध्ये आहे. डाग कवचाच्या रेषेवरच बसलेला दिसला तर पीएससी.

फटीच्या फोटोत पुढचं मागचं ओळखायला एक खूण पुरते: प्रकाश ज्या बाजूने येतो त्या बाजूला वरचे थर दिसतात. उजव्या डोळ्यावर कानाकडून प्रकाश टाकला तर तो फोटोत डावीकडून येतो. डावीकडे कॉर्नियाची कमान, मग काळी जागा, मग लेन्सचं पुढचं कवच डावीकडे फुगलेलं, गाभा, आणि शेवटी उजवीकडे फुगलेलं मागचं कवच. डाग त्या शेवटच्या, उलट्या कमानीला चिकटलेला हवा. फोटो पाठवताना आरशासारखा उलटवला गेला तर ही खूण उलटी होते आणि पाहणारा मागच्या डागाला पुढचा म्हणतो. म्हणून प्रत्येक फोटोवर डोळा आणि प्रकाशाची बाजू लिहिलेली असावी.

न्यूक्लियर खोटाच जास्त कधी दिसतो

न्यूक्लियर फक्त फटीच्या फोटोवरून ठरवायचा. रेट्रोमध्ये तो सहसा सुटा डाग म्हणून येत नाही. तो तांबडा प्रकाश सगळीकडून मंद करतो, फार तर मध्ये एक अंधुक वर्तुळ दाखवतो, आणि त्या वर्तुळाला पीएससी म्हणणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे. पीएससीला खडबडीत किनार असते, या वर्तुळाला धड किनारच नसते.

फटीसाठी कोन ४५ अंश, रुंदी साधारण ०.२ मिलिमीटर, उंची पूर्ण, फोकस गाभ्याच्या मध्यावर. या चारांतलं काहीही बदललं की गाभ्याचा पांढरेपणा बदलतो आणि काल काढलेल्या फोटोशी आजच्याची तुलना होत नाही. फट अर्ध्या मिलिमीटरची झाली की जास्त प्रकाश आत जाऊन विखुरतो आणि स्वच्छ गाभाही दुधाळ दिसतो. फोनचं स्वयंचलित एक्स्पोजर तर याहून घातक. फोटोत काळा भाग जास्त असल्यामुळे फोन आपोआप उजेड वाढवतो आणि साध्या डोळ्याला दोन पायऱ्या पुढचा मोतीबिंदू चिकटतो. आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने ठरवा, आणि रोज सकाळी त्याच फटीखाली पांढऱ्या कार्डाचा एक फोटो काढून ठेवा. कार्ड पिवळं आलं तर त्या दिवशीच्या लेन्सचा पिवळेपणा गृहीत धरू नका. पिवळेपणा पाहायचा तर गाभ्याच्या मध्यापेक्षा मागच्या कडेवरून परतणाऱ्या प्रकाशात पाहावा. तिथवर आलेला प्रकाश सगळ्या गाभ्यातून गाळून आलेला असतो.

डोळ्याचा दाब मोजण्यासाठी फ्लुरोसिन टाकलं असेल तर फोटो त्याआधीच काढलेला बरा. तो रंग समोर असताना लेन्सच्या रंगाबद्दल काही बोलता येत नाही. आणि आपल्या भागातली एक खास अडचण: पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत मायक्रोस्कोपच्या काचांवर बुरशी धरते. तिचा पडदा सगळ्या फोटोंवर हलकं धुकं पसरवतो आणि न्यूक्लियरच्या पायऱ्या वाढवतो. ओळख सोपी आहे. पेशंट कुठलाही असो, धुकं सारखंच राहतं, आणि कोऱ्या कार्डाच्या फोटोतही कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. तसंच, दोन्ही डोळ्यांच्या फोटोंत अगदी एकाच जागी ठिपका असेल तर ती कॅमेऱ्यातली धूळ आहे, मोतीबिंदू नव्हे.

एक संच सविस्तर

उदाहरण म्हणून भिवंडीतल्या यंत्रमागावर काम करणाऱ्या ५८ वर्षांच्या माणसाचा उजवा डोळा घेऊ. मधुमेह आहे. तक्रार अशी की तुटलेला धागा जोडताना दिसत नाही आणि दुपारी बाहेर पडलं की डोळे दिपतात. खोलीत दूरची नजर ६/९. सोबत एकच रेट्रो फोटो आणि खाली ‘पीएससी’.

फोटोत कॉर्नियाच्या मापाने बाहुली साडेचार मिलिमीटर भरते. खालच्या बाजूला, नाकाकडे, एक काळा त्रिकोण आहे. त्याचं टोक मध्याजवळ येतं आणि दुसरं टोक आयरिसच्या कडेला टेकून कापलं गेलं आहे. आयरिसची कडा धारदार आहे, म्हणजे फोकस पुढचा. एवढ्यावरून दोन गोष्टी लिहिता येतात: हा त्रिकोण पुढच्या थरातल्या आऱ्यासारखा वागतो आहे, आणि मागच्या कवचाबद्दल या फोटोत काहीच माहिती नाही. इथेच ‘पीएससी नाही, कॉर्टिकल’ लिहून मोकळं होणं हा दुसऱ्या दिशेचा तितकाच मोठा दोष ठरेल. जवळचं कमी दिसणं आणि उन्हात दिपणं या दोन्ही वेळी बाहुली लहान होते. त्यामुळे ती तक्रार मध्यावरच्या डागाकडे बोट दाखवते, कडेच्या आऱ्याकडे कमी.

पुन्हा थेंब टाकून, अर्धा तास थांबून बाहुली ७ मिलिमीटर होते. जुन्या मधुमेहात ती एवढी मोठी होईलच असं नाही, इथे झाली. पुढच्या फोकसला त्रिकोणाचं बूड सापडतं, बाजूला आणखी एक लहान आरा दिसतो, आणि दोन्ही मिळून परिघाचा आठव्या हिश्शापेक्षा थोडा जास्त भाग व्यापतात. जॉयस्टिक पुढे ढकलल्यावर त्रिकोण धूसर होतो आणि मध्याच्या किंचित वर दाणेदार किनारीचा एक वेगळाच ठिपका उमटतो. उभा मोजला तर दीड मिलिमीटर. पहिल्या फोटोत तो का दिसला नाही? फोकसबाहेर होता आणि वर कॉर्नियाची चमक बसली होती. शंका नको म्हणून प्रकाश किंचित सरकवून आणखी एक फोटो: चमक हलते, ठिपका जागचा हलत नाही. मग फट त्यावरून नेली की तो मागच्या कमानीला चिकटलेला दिसतो, मध्ये काळी पट्टी नाही. फटीतला गाभा जागतिक आरोग्य संघटनेच्या सोप्या पद्धतीतल्या पहिल्या प्रमाण-फोटोपेक्षा थोडा जास्त पांढरा आणि दुसऱ्यापेक्षा कमी.

त्या पद्धतीने नोंद अशी होते: न्यूक्लियर १, कॉर्टिकल १, पीएससी १. कॉर्टिकलची १ म्हणजे परिघाचा आठवा ते पाव हिस्सा, पीएससीची १ म्हणजे उभी उंची १ ते २ मिलिमीटर. आऱ्याचं टोक मधल्या ३ मिलिमीटरच्या वर्तुळात येतं का, हे वेगळं नोंदवायचं, पण ते टोक पीएससीच्या उंचीत मिळवायचं नाही. जिथे एलओसीएस-३ वापरतात तिथेही तिन्ही भागांना स्वतंत्र आकडे मिळतात, फक्त दशांशात. न्यूक्लियरचा अपारदर्शकपणा आणि रंग ०.१ ते ६.९, कॉर्टिकल आणि पीएससी ०.१ ते ५.९. कुठलीही पद्धत घ्या, फॉर्मवर ‘प्रकार’ म्हणून एकच रकाना असेल तर तो बदलून घ्या. एकाच डोळ्यात दोन किंवा तीन प्रकार असणं नेहमीचंच आहे, आणि एक रकाना असला की सर्वांत ठळक दिसणारा लिहिला जातो, सर्वांत त्रास देणारा राहून जातो.

पीएससीसारखा दिसणारा, पण ज्याला पीएससी म्हणणं महागात पडतं

मागच्या कवचावर, बरोबर मध्यावर, गोल आणि रेखीव कडेचा पांढरा डाग असेल, त्यात कांद्याच्या चकतीसारखी एकात एक वर्तुळं दिसत असतील, तर तो पोस्टिरिअर पोलर असण्याची शक्यता आधी धरा. तो जन्मजात किंवा लहानपणापासूनचा असतो, बऱ्याचदा दोन्ही डोळ्यांत. त्याखालचं कवच नाजूक असतं आणि शस्त्रक्रियेत पाण्याने थर सोडवताना फाटू शकतं, म्हणून सर्जनला हे आधी कळणं फार गरजेचं आहे. फोटो पाठवताना दुसऱ्या डोळ्याचेही तिन्ही फोटो जोडा आणि ‘लहानपणापासून अंधुक दिसतं का’ हे विचारून लिहा. पीएससीवाल्याला विचारायचा प्रश्न वेगळा: स्टिरॉइडच्या गोळ्या, दम्याचे पंप किंवा डोळ्यात दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब किती दिवस चालू होते.

शेवटी, बाहुली मोठी होतच नसेल, किंवा गाभा इतका दाट असेल की मागचं कवच फटीतही दिसत नाही, तर मागच्या भागासमोर शून्य लिहू नका. शून्याचा अर्थ ‘पाहिलं आणि डाग नाही’ असा होतो. तिथे ‘पाहता आलं नाही’ असं लिहा, सोबत बाहुलीचं माप आणि थेंब किती वाजता टाकले ती वेळ द्या.